दोन ठोके

आमचे हे समुद्राचं पाणी गोडं करतात. म्हणजे एकटे करत नाहीत, तो एक मोठा कारखाना आहे आणि तिथे हे पंप सांभाळतात. पण सासूबाई शेजारणींना असंच सांगतात, "माझा मुलगा समुद्र गोडा करतो." शेजारीण म्हणते, "अजून खारटच लागतो हो." मग सासूबाई म्हणतात, "एकटा जीव, किती करणार!"

कारखान्याच्या आवारात मोबाइल चालत नाही. फाटकावर ठेवून आत जायचं, आणि राहायच्या खोल्याही आतच. कॅन्टीनच्या भिंतीला एक फोन आहे. संध्याकाळच्या जेवणाच्या सुट्टीत रांग लावून तिथून हे मला फोन करतात. मागे माणसं उभी असतात, त्यामुळे बोलणं आखूड. इकडून मला तो फोन लावता येत नाही. त्यांची संध्याकाळ ती माझी सकाळ.

हे गेले त्या दिवशी मी देवापुढे एक नेम धरला. पहाटे उठल्यापासून ऊन खिडकीत येईपर्यंत बोलायचं नाही. लिहायचंही नाही, कारण लिहिणं म्हणजे बोलणंच. आंघोळ, दिवा, जप, आणि गप्प बसणं. हे कायमचे घरी येईपर्यंत. लहानपणापासून मला नेमांची सवय आहे, त्यात नवल नव्हतं. फोन ऊन आल्यावरच यायचा, म्हणून अडचणही नव्हती.

मग पहिल्या वर्षी त्यांच्याकडचं घड्याळ बदललं. तिकडे वर्षातून दोनदा घड्याळ मागेपुढे करतात. घड्याळ पुढे गेलं, त्यांची संध्याकाळ माझ्याकडे तासभर आधी येऊ लागली आणि फोन माझ्या मौनात येऊन पडला.

पहिल्या दिवशी मी उचलला आणि नुसती ऐकत राहिले. हे घाबरले. "अगं, कोण आहे? आई बरी आहे ना?" माझ्या बोटात अंगुस्तान होतं. मी एका दुकानात कपडे दुरुस्त करते, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची ती लोखंडी टोपी. पहाटे दिव्याच्या उजेडात मी दुकानातलं राहिलेलं हातशिलाईचं काम घेऊन बसते. तिने मी फोनच्या कडेवर एकदा ठोकलं. हे थांबले. "मौन का?" पुन्हा एकदा ठोकलं. तेव्हा असे हसले की मागच्या रांगेतला कुणीतरी काहीतरी बोलला.

"वा! माझ्यासाठी देवाला नवस आणि माझ्याशीच अबोला. असं कर, एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. चालेल?"

एक.

तेव्हापासून वर्षातले ते महिने तसेच चालले. हे बोलायचे, मी ठोकायचे. जेवलीस? एक. आई चिडचिड करते? एक. माझ्यावर रागावलीस? दोन. एक गोष्ट सांगते. मी बोलत असते तेव्हा हे फारसं बोलत नाहीत. मी गप्प असले की बोलतात. गडगड आवाज करणाऱ्या पंपाला लोखंडी सळईचं एक टोक आणि कानाला दुसरं लावून आतलं बेअरिंग कसं ऐकायचं, ते मला मौनातच कळलं. रात्री झोप लागत नाही, हेही मौनातच कळलं.

पत्रांचे नियम वेगळे. पत्र पोचायला तीनेक आठवडे लागतात, म्हणून पत्रात बातमी लिहायची नाही, ती शिळी होते. फोनवर सांगितलेलं पत्रात नाही, पत्रातलं फोनवर नाही. फोनवर न निघणारं तेवढंच पत्रात. हे रीडिंगच्या जुन्या तक्त्यांच्या पाठीवर लिहितात, कागदाला ग्रीसचा वास असतो. मी पाकीट गोंदाने चिकटवत नाही, टाके घालून शिवते. दर वेळी वेगळ्या रंगाचा दोरा. हे तो दोरा कापत नाहीत, उसवतात. उसवलेले दोरे एकमेकांना बांधून उशीला गुंडाळून ठेवलेत म्हणे. "खोलीतला सोबती विचारतो, पतंग उडवतोस का," असं एकदा लिहिलं होतं.

शंका यायच्या. माणूस डोळ्यांसमोर नसला की येतातच. एकदा कॅन्टीनमधून बाईचं हसू ऐकू आलं आणि त्या दिवशी मी दुकानात एका पँटचा एक पाय आखूड करून ठेवला. एकदा पत्राची शाई हिरवी निघाली. पंप सांभाळणाऱ्याकडे हिरवं पेन नसतं. मग मी जप वाढवायचे. विचारायचे नाही. हसणारी बाई वाढपी होती आणि हिरवं पेन सुपरवायझरचं, हे पुढे आपोआप कळलं. शंकेला वाट दिली नाही की ती आपली जिरून जाते, असं माझं तेव्हा मत होतं.

खरी अडचण दूर असण्याची नव्हती, जवळ येण्याची होती. मागच्या सुट्टीत हे घरी आले. पहिले दोन दिवस पाहुण्यांत गेले. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं समोरासमोर बसलो आणि काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. मी विचारलं, "चहा?" हे म्हणाले, "आत्ताच झाला." थोड्या वेळाने उठून चपला घालून बाहेर गेले. माझा फोन वाजला. हे जिन्यात उभे होते.

"काय करतेस?" म्हणाले.

"काही नाही. बसलेय."

मग आम्ही बराच वेळ बोललो. हे जिन्यात, मी खोलीत. मधे दार होतं. सासूबाईंनी ते उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "फोनचं बिल वाचवायला परदेशातून आलास, आणि इथे येऊन फोनच!" आम्ही हसलो. पण त्यावर नंतर दोघांनीही काही लिहिलं नाही.

या वर्षी नणंदेने मला नवा फोन आणून दिला. "वहिनी, तो जुना डबा फेकून दे आता. दादाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो." नव्या फोनमध्ये यांचा आवाज खरंच शेजारून आल्यासारखा यायचा. श्वाससुद्धा. जुना मी फेकला नाही, कपाटात दोऱ्यांच्या डब्यात ठेवला. वस्तू टाकवत नाहीत मला.

त्यानंतर तिकडचं घड्याळ बदललं आणि फोन पुन्हा मौनात आला.

पहिल्या दिवशी यांनी विचारलं, "झालं का सुरू तुझं?" मी एकदा ठोकलं. हे जरा थांबले, मग पंपांचं बोलू लागले. त्या दिवसापासून यांची बोलण्याची तऱ्हा थोडी बदलली. विचारायचे, थांबायचे आणि पुढे जायचे. पूर्वी म्हणायचे, "हां, एक." आता म्हणत नव्हते. मला वाटलं, सवयीचं झालं. रोज कोण मोजणार!

एका पहाटे म्हणाले, "ऐक. इथे अजून दोन वर्षं राहा म्हणतायत. करार संपत आलाय. राहू का?"

मी दोन ठोके दिले. सावकाश, मधे अंतर ठेवून.

"हं," म्हणाले. आणि आईच्या गुडघ्याचं विचारलं.

काही दिवसांनी पुन्हा तेच. "राहू का मग? सांग." मी पुन्हा दोनदा ठोकलं, जोरात. फोनच्या कडेवर बारीक खळगा पडला, तो अजून आहे. मागे कोणाचं तरी ताट आपटलं. मला वाटलं, नाही म्हटलेलं ऐकूनही परत विचारतायत म्हणजे यांना हो हवंय. ही शंका मात्र जपाने जिरली नाही.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाही मी दोनच दिले. हे म्हणाले, "बरं. कळलं."

कळलं म्हणाले म्हणून मी ऊन आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या अंथरुणावर उठून बसल्या. "येतोय? कायमचा?" मग लगेच म्हणाल्या, "त्याच्या कप्प्यातली तुझी कापडं काढ आधी. माणूस येईल आणि त्याला बनियन ठेवायला जागा नाही." मी कप्पा रिकामा केला. पुसला, कागद अंथरला. दुकानात मालकीणबाईंना सांगितलं, की पुढे घरी काम नेता येईल की नाही बघावं लागेल. त्या म्हणाल्या, "नवरा घरी आला की बाईला शिवायला वेळ मिळत नाही, उसवायलाच मिळतो." सगळ्या हसल्या, मीही हसले.

आनंद झाला का? मी तो शोधला होता. कप्पा पुसताना, दिवा लावताना. थंडीत हात बधिर झाला की दुसऱ्या हाताने चोळून बघतो, तसं बघितलं. काही लागलं नाही. म्हटलं, येतील तेव्हा येईल.

पत्र दुपारी आलं. खालच्या पेटीतून काढून मी दुकानात नेलं, जेवणाच्या सुट्टीत मशीनपाशी बसून वाचलं. ग्रीसचा वास, मागे आकड्यांच्या रेघा.

"फोनवरचं पत्रात नाही असा आपला नियम आहे," असं सुरुवातीलाच लिहिलं होतं, "पण फोनवर आता तू नसतेस. घड्याळ बदलल्यापासून तू एकदाही ठोकलेलं नाहीस. पहिल्या दिवशी वाटलं अंगुस्तान सापडत नसेल. मग वाटलं नेम आणखी कडक केला असशील. राहू का म्हणून तीनदा विचारलं. नाही म्हणायला दोनच ठोके लागतात. तेवढेही नाहीत म्हणजे काय, ते मला कळलं. जिन्यातलं मला आठवतं. तुलाही आठवत असणार. घरी येऊन मी कोण असेन ते मलाही माहीत नाही. इथून निदान रोज एकदा तुझा नवरा असतो. मी सही करतोय. रागावू नकोस, किंवा रागावलीस तर तेही चालेल."

मी पत्राची घडी केली. समोर कुणाच्या तरी परकराची कड राहिली होती, ती पुरी केली. दोरा तोडला. मालकीणबाईंनी विचारलं, "काय म्हणतात?" मी म्हटलं, "बरे आहेत." खोटं नव्हतं ते.

मी ठोकलं होतं. रोज ठोकलं होतं. मग ठोकलं नाहीस असं यांनी का म्हणावं? एवढं एकच डोक्यात फिरत होतं, मशीनच्या चाकासारखं, आणि खाली कापड सरकत नव्हतं.

त्याच संध्याकाळी नणंदेचा फोन आला. मी घरी मशीनवर होते. हात रिकामा नव्हता म्हणून फोन खांद्यात धरला आणि पाय चालवत राहिले.

"वहिनी, मशीन विकलंस की काय?"

"नाही गं. का?"

"मग आज सुट्टी? एरवी तुझ्याशी बोलायचं म्हणजे आधी 'थांबव ती खडखड' म्हणावं लागायचं."

मी पायाकडे पाहिलं. पाय चालत होता, मशीन धडधडत होतं. "मशीन चालू आहे," म्हटलं.

"हो? बघ, काय फोन घेतलाय मी तुझ्यासाठी!" ती खूश झाली. "अगं, म्हणूनच महाग असतात ते. माणसाचा आवाज तेवढा पुढे पाठवतात. पंखा, भांडी, खडखड, ठोकाठोक, सगळं गाळून टाकतात. चहाच्या गाळणीसारखं."

मी पाय थांबवला. बोटात अंगुस्तान होतंच. फोन हातात घेतला आणि कडेवर ठोकलं, त्या खळग्याशेजारीच. "ऐकू आलं?"

"काय?"

पुन्हा दोनदा. "आता?"

"काय ऐकू यायचंय? वहिनी, तू बरी आहेस ना?"

"बरी आहे," म्हटलं. "फोन छान आहे. बोल तू."

ती बोलत राहिली. पोरांचं, स्वयंपाकघरातल्या नळाचं. मी हं हं करत होते, आणि ते मात्र सगळं तिच्यापर्यंत पोचत होतं.

सासूबाईंना रात्रीच्या जेवणाआधी सांगितलं. पत्र वाचून दाखवलं नाही, एवढंच म्हटलं, की यांनी सही केली, दोन वर्षं येणार नाहीत. त्या बराच वेळ बोटांनी पांघरुणाची कड चुरगाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "कधीचं पत्र?"

"तीन आठवड्यांचं."

"मग ते जुनं झालं. पत्र म्हणजे शिळं अन्न, त्यावर लगेच पोट धरून बसू नये. उद्या फोन येईल ना? त्याला विचार."

"उद्या मौन असेल."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. देवाधर्माला त्या कधी नाही म्हणत नाहीत. "हो ना," म्हणाल्या. "ते आहेच."

दुसऱ्या दिवशी आंघोळ केली, दिवा लावला. जप सुरू केला, पण माळ कुठे होती आणि मी कुठे, कळत नव्हतं. फोन वाजला. बाहेर अंधार होता. आत यांचा श्वास आला, शेजारून आल्यासारखा.

"मीच," म्हणाले. "इथे आज थंडी आहे. तीन नंबरचा पंप उघडलाय..." थांबले. पूर्वी थांबायचे तसे नव्हे, नुसतेच थांबले. वाट बघणं त्यात उरलं नव्हतं.

"दोन ठोकले होते मी," मी म्हटलं.

माझा आवाज घोगरा निघाला. त्या वेळचा माझा आवाज मीच कधी ऐकला नव्हता. दिव्याची ज्योत तशीच होती. काही झालं नाही.

"कोण?" हे म्हणाले. मग, "तू बोलतेयस?"

"हो. तिन्ही वेळा दोन दोन ठोकले. नवा फोन माणसाचा आवाज तेवढा सोडतो, ठोके गाळतो. मला काल कळलं."

"नेम मोडलास?"

"मोडला."

मागे कुणीतरी म्हणालं, "आटप रे." हे मला म्हणाले, "अगं, सही झाली. मागच्या आठवड्यात."

"पंप बंद पडला तर तुम्ही आधी तार तपासता ना?"

"हो."

"मग माझी का नाही तपासलीत? एकदा विचारायचं, ठोके का येत नाहीत. मी बोलले असते."

इतका वेळ गेला की मला वाटलं, हाही आवाज त्या फोनने गाळला.

"माहीत होतं, बोलली असतीस," हे म्हणाले. "म्हणूनच नाही विचारलं. विचारलं असतं तर यावं लागलं असतं."

यावर मला काहीतरी व्हायला हवं होतं. मी वाट पाहिली. कप्प्यात अंथरलेला कागद आठवला, त्याचे कोपरे मी नीट दुमडले होते. आणि हे आठवलं, की तीनदा ठोकताना माझ्याजवळ तोंडही होतं. एक 'नाही' म्हणायला किती श्वास लागतो! तो मी देवाच्या नावावर राखून ठेवला. यांच्याजवळ फोन गप्प होता, माझ्याजवळ नेम. दोघांनाही पांघरूण मिळालं होतं.

"रांग आहे," हे म्हणाले. "उद्या करतो."

"करा."

ऊन आल्यावर मी देवाला नमस्कार केला आणि नेम चुकला एवढंच सांगितलं. प्रायश्चित्त म्हणून त्या दिवशी जेवले नाही. भूक लागली नाही, तेव्हा ते प्रायश्चित्तही कसलं! दुपारी कपाटातून दोऱ्यांचा डबा काढला. जुना फोन तळाशी होता, त्याला गुलाबी दोरा गुंडाळला गेला होता. सोडवला, चार्जिंगला लावला. कार्ड त्यात घातलं. नणंदेला फोन लावून मशीन चालू केलं. ती ओरडली, "थांबव आधी ती खडखड!" मी थांबवली.

पहाटे पुन्हा मौन धरलं. हे येईपर्यंतचा नेम आहे, एकदा मोडला म्हणून सुटत नाही.

फोन वाजला. यांचा आवाज विहिरीतून आला, लांबून, खरखरत.

"आज बोलणार आहेस की ठोकणार?"

मी ठोकलं. एकदा.

"आला," हे म्हणाले. आणि मग पुन्हा, हळू, "आला गं."

मागची माणसं त्या दिवशी गप्प होती, किंवा जुन्या फोनने ती माझ्यापर्यंत पोचवली नाहीत.

"ऑफिसात बोललो काल," हे म्हणाले. "कागद अजून वर गेलेला नाही, इथेच पडलाय. मागे घेता येतो, पण आजच सांगायला हवं. मला माहीत नाही, घरी आल्यावर काय करू. परत जिन्यात जाऊन उभा राहीन कदाचित. तरी विचारतो. नीट विचारतोय आता, आणि तार ठीक आहे. येऊ का?"

दिवा शांत होता. सासूबाई पलीकडच्या खोलीत जाग्या होत्या, त्यांचा खोकला दाबल्याचं कळत होतं. मी आत पाहिलं, जिथे माणूस आपलं उत्तर ठेवतो तिथे. तिथे पुसलेला कप्पा होता. रिकामा, पण स्वच्छ.

मी अंगुस्तान उचललं आणि ठोकलं.

"एक," हे म्हणाले. आणि थांबले. पूर्वीसारखे, श्वास धरून. दुसरा येतो का ते ऐकत होते.

मीही ऐकत होते. बोट हवेत तसंच होतं. मग मी अंगुस्तान काढून दिव्याशेजारी ठेवलं.